उलटी झाली की लगेच भूक, आणि "रक्त तर पडत नाहीये ना?"

पत्र

आमचं पहिलं बाळ, मुलगा, आज 37 दिवसांचा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून उलट्या होतायत. आधी दिवसातून एखादी व्हायची, आता जवळजवळ प्रत्येक वेळी दूध प्यायल्यावर होते आणि जोरात, लांब उडते. पण उलटी झाली की लगेच परत भूक लागते आणि हपापल्यासारखा पितो, त्यामुळे आजारी वाटत नाही. 20 व्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं होतं, वजन 3.45 किलो होतं (जन्माचं 3.1), ते म्हणाले रिफ्लक्स आहे, होईल कमी. आता वजन 3.4 आहे, म्हणजे साधारण तेवढंच. पावडरचं दूध दोनदा बदलून झालं. सासूबाई म्हणतात याच्या बाबांनाही तान्हेपणी अशाच उलट्या व्हायच्या, पोटाचं काहीतरी छोटं ऑपरेशन झालं आणि मग थांबलं, तेव्हा काळजी करू नको. माझी खरी भीती वेगळी आहे. नणंदेच्या सात महिन्यांच्या मुलाचं मध्यंतरी आतड्यात आतडं अडकलं होतं, शीतून रक्त पडलं तेव्हा कळलं. आमच्या बाळाला रक्त वगैरे काही नाही, म्हणजे तसं नाही ना? परत डॉक्टरांकडे गेले तर घाबरट आई म्हणतील असं वाटतं. रक्त दिसलं तरच जाऊ का?

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या दोन ओळी कळवल्या होत्या, की थांबू नका, आजच बाळाला घेऊन जा आणि शक्यतो जिथे लहान मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही आहे अशा हॉस्पिटलात जा. हे सदर येईपर्यंत वाट बघायची ती गोष्ट नव्हती. तुम्ही गेला असाल असं धरून आता सविस्तर लिहिते, म्हणजे तिथे काय चाललंय ते तुम्हाला समजेल, आणि ज्यांच्या घरात आत्ता असंच काहीतरी चालू आहे त्यांनाही उपयोग होईल.

मी बाळाला तपासलेलं नाही, तेव्हा निदान करत नाहीये. पण पत्रात जे आहे त्यावरून माझ्या डोक्यात पहिलं नाव नणंदेच्या मुलाच्या आजाराचं आलंच नाही, दुसऱ्याच एका आजाराचं आलं. पायलोरिक स्टेनोसिस. जठरातून दूध पुढे लहान आतड्यात जातं तिथे स्नायूची एक गोल झडप असते, तिला पायलोरस म्हणतात. काही बाळांमध्ये जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी हा स्नायू जाड व्हायला लागतो आणि मधली वाट हळूहळू बारीक होत जाते. मुलींपेक्षा मुलांमध्ये साधारण चार-पाच पट जास्त दिसतं, पहिल्या बाळात जास्त दिसतं, आणि सुरुवात बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होते. तुमच्या पत्रात हे सगळंच जुळतंय. त्यातून सासूबाईंचं ते वाक्य. तुम्ही ते धीर म्हणून लिहिलंत, मला मात्र पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं, कारण हा आजार घराण्यात चालतो, आई किंवा वडिलांना झालेला असेल तर बाळाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पट वाढते. बाबांच्या पोटावर वरच्या बाजूला जुना व्रण आहे का ते बघा आणि कसलं ऑपरेशन होतं ते सासूबाईंना नीट आठवून सांगायला लावा, डॉक्टरांना हे हमखास सांगा.

आता भुकेबद्दल. "हपापून पितो म्हणजे आजारी नाही" हे अगदी स्वाभाविक वाटतं, मोठ्या माणसाला उलटी झाली की अन्न नको होतं म्हणून. पण इथे बाळाला मळमळ नाहीये, जंतूसंसर्ग नाहीये, दूध फक्त पुढे जात नाहीये. जठर भरलं, आकसलं, दार बंद, मग आलं तसं परत वर. आतड्यात पोचलं काहीच नाही, म्हणजे बाळ खरंच उपाशी आहे, म्हणून परत मागतं. जोरात उलटी आणि लगेच भूक ही जोडी या आजाराची खूण आहे, तब्येत चांगली असल्याची नाही. ही भूक शेवटपर्यंत टिकतही नाही, काही दिवसांनी बाळ थकतं, मलूल होतं, पिणं सोडतं, आणि तोपर्यंत थांबलं तर पाणी खूपच कमी झालेलं असतं.

वजनाचं बघू. तुम्ही "साधारण तेवढंच" म्हणालात. या वयाचं बाळ रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. 20 व्या दिवसापासून 37 व्या दिवसापर्यंत 17 दिवस झाले, म्हणजे सव्वाचारशे ते पाचशे ग्रॅम वाढायला हवं होतं, आज काटा 3.9 च्या आसपास दिसायला हवा होता. दिसतोय 3.4. म्हणजे "50 ग्रॅम कमी झालं" असं नाही, जवळजवळ अर्धा किलो मागे पडलंय, आणि साडेतीन किलोच्या बाळाला अर्धा किलो म्हणजे केवढं ते सांगायला नको. तान्ह्या बाळात वजन स्थिर राहणं हेच वजन घटणं आहे. (दोन वेगळ्या काट्यांत शंभरएक ग्रॅमचा फरक सहज पडतो, कपडे-डायपरनेही पडतो, म्हणून एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, दूध पाजायच्या आधी वजन करावं. पण इथला फरक त्या हिशोबात बसणारा नाही.)

याच आकड्यांत तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे. 20 व्या दिवशी डॉक्टर चुकले असं मला वाटत नाही. तेव्हा दिवसाला एखादी उलटी, वजन जन्मापेक्षा साडेतीनशे ग्रॅमने वर, अशा बाळाला कुणीही रिफ्लक्सच म्हणेल, आणि अशी बहुतेक बाळं खरंच रिफ्लक्सचीच असतात. निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या काही महिन्यांत दूध वर काढतात. ते ओठांतून ओघळतं, ढेकरेबरोबर येतं, कधीतरी जोरातही येतं, पण बाळ खुशीत असतं आणि वजन वाढत असतं. आज तुमच्याकडे असलेलं चित्र त्या दिवशी नव्हतंच. म्हणून परत जाताना "तुम्ही सांगितलेलं चुकलं का" असं जायचं नाही, "त्यानंतर हे बदललंय" असं जायचं. घाबरट आई वगैरे कुणी म्हणत नाही, आणि म्हणालं तरी वजनाचे दोन आकडे तारखेसकट पुढे ठेवा, पुढचं संभाषण आपोआप वेगळं होतं.

दूध बदलण्याबद्दल इतकंच, की पावडर बदलली की एखादा दिवस बरं वाटल्यासारखं होतं, मग परत सुरू, मग दुसरी पावडर, आणि यात आठवडा कसा गेला कळत नाही. प्रत्येक बदल म्हणजे दोन-तीन दिवसांची वाट बघणं, आणि या आजारात ते दिवसच महागात पडतात.

उलटीचा रंग मात्र प्रत्येक आईबापाने बघायलाच हवा. पायलोरसपाशी अडलेल्या बाळाची उलटी दुधासारखी किंवा फाटलेल्या दह्यासारखी असते, हिरवी जवळजवळ कधीच नसते. कारण पित्त पायलोरसच्या पुढे आतड्यात येऊन मिळतं आणि मधलं दार बंद असल्यामुळे ते मागे येऊ शकत नाही. कधी कधी सारख्या उलट्यांनी आतून खरचटून तपकिरी रेघा दिसतात, तेही डॉक्टरांना सांगायचं. पण उलटी हिरवी झाली तर अडथळा खाली कुठेतरी आहे, आणि तान्ह्या बाळात त्याचा अर्थ आतड्याला पीळ पडलाय असा असू शकतो. तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. रात्रीचे दोन वाजलेले असोत, हिरवी उलटी म्हणजे निघायचं, फोटो काढायचा किंवा ते फडकं पिशवीत घालून सोबत न्यायचं.

हॉस्पिटलमध्ये काय होतं ते सांगते. डॉक्टर बाळाला थोडं दूध पाजून किंवा चोखणी देऊन शांत करतात आणि उघड्या पोटाकडे नुसते बघत बसतात. घरच्यांना वाटतं हे काय, काही करतच नाहीत. ते बघत असतात की बाळाच्या डाव्या बरगडीखालून उजवीकडे पोटावर लाटा सरकताना दिसतायत का, म्हणजे जठर बंद दारावर जोर लावतंय का. मग बोटांनी उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, बेंबीच्या जरा वर, एक-दोन सेंटिमीटरची टणक सरकणारी गाठ लागते का ते चाचपतात. या गाठीला डॉक्टर मंडळी ऑलिव्ह म्हणतात. बाळ रडत असेल तर पोट कडक होतं आणि काही लागत नाही, म्हणून ती सगळी शांतता. हल्ली बाळं लवकर आणली जातात, गाठ तेवढी मोठी झालेली नसते, त्यामुळे बऱ्याचदा सोनोग्राफीवरच निदान होतं. त्यात स्नायूची जाडी 3 मिलिमीटर किंवा जास्त आणि त्या नळीची लांबी साधारण 15 मिलिमीटर किंवा जास्त भरली, आणि जठरातलं दूध पुढे सरकताना दिसलं नाही, की निदान पक्कं.

इथे एक अडचण येते. तिसऱ्या आठवड्यातल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे माप सीमेवर येऊ शकतं, 2.6-2.8 असं काहीतरी. रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून येतं, घरचे निर्धास्त होतात, आणि उलट्या चालूच. स्नायू वाढत जाणारा आहे, तेव्हा उलट्या वाढतच असतील आणि वजन वाढत नसेल तर एक-दोन दिवसांनी परत सोनोग्राफी करायची असते. पहिल्या रिपोर्टला धरून बसायचं नाही.

रक्ततपासणीतही एक खास खूण असते. सारखी उलटी म्हणजे जठरातलं आम्ल सारखं बाहेर जातं, त्याबरोबर क्लोराईड जातं, मागोमाग पोटॅशियम कमी होतं, आणि रक्त आम्लाच्या उलट दिशेला, अल्कलीकडे झुकतं. जुलाबाने पाणी कमी झालेल्या बाळात साधारण याच्या उलट होतं. आणि यातूनच तो प्रश्न येतो जो प्रत्येक घरात विचारला जातो: निदान झालंय, ऑपरेशन लागणार हे नक्की आहे, मग दोन दिवस नुसतं सलाईन लावून का ठेवलंय? उत्तर असं, की रक्त अल्कलीकडे झुकलेलं असताना मेंदू श्वास मंद ठेवतो. त्या अवस्थेत भूल दिली तर ऑपरेशननंतर बाळ श्वास घ्यायचं थांबू शकतं. म्हणून आधी ग्लुकोज घातलेलं सलाईन, लघवी नीट व्हायला लागली की पोटॅशियम, आणि क्लोराईड 100 च्या वर आणि बायकार्बोनेट 30 च्या खाली आल्यावरच ऑपरेशन. याला बहुधा एक-दोन दिवस लागतात, उशिरा आणलेल्या बाळाला जास्त. तेव्हा तिथे भांडण काढू नका, ही दिरंगाई नाही, उपचारातला अर्धा भाग हाच आहे. ऑपरेशनला घाई नसते, सलाईनला असते.

ऑपरेशनही साधं आहे. जाड झालेल्या स्नायूवर लांबीच्या दिशेने चीर देऊन तो फाकवायचा, आतलं नाजूक अस्तर मात्र शाबूत ठेवायचं, बस. चीर परत शिवतसुद्धा नाहीत. कॉनराड रामस्टेट नावाच्या जर्मन सर्जनने 1911 साली अशा ऑपरेशनमध्ये स्नायू आडवा शिवायचा प्रयत्न केला तर टाके टिकेनात, पुढच्या खेपेला त्यांनी तो तसाच उघडा सोडला आणि बाळ बरं झालं. 1912 पासून आजपर्यंत तेच ऑपरेशन चालू आहे, फक्त आता बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीतून करतात. काही तासांतच दूध सुरू होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत अधूनमधून उलटी होते, त्याने घाबरू नका, जठर ताणलेलं असतं, सुजलेलं असतं. पण आठवडा उलटूनही आधीसारख्याच जोरदार उलट्या चालू असतील तर स्नायू पूर्ण फाकला गेला नाही का हे बघावं लागतं, तसं क्वचित होतं. आतल्या अस्तराला भोक पडणं हाही धोका आहे, थोडा आहे, आणि लक्षात आला तर त्याच वेळी दुरुस्त होतो.

आता नणंदेच्या मुलाकडे येते, कारण तुमचा "रक्त दिसलं तरच जाऊ का" हा प्रश्न तिथूनच आलाय, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तुमच्या बाळाच्या बाबतीत रक्ताची वाट बघणं निरर्थक आहे, कारण पायलोरसच्या आजारात शीतून रक्त येतच नाही. पण ज्या आजारात येतं त्यातही वाट बघणं चूकच.

त्या आजाराचं नाव इंटससेप्शन. शर्ट काढताना बाही आत ओढली जाते तसा आतड्याचा एक तुकडा त्याच्याच पुढच्या भागात शिरतो, बहुतेक वेळा लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे. तीन महिने ते तीन वर्षं या वयात होतो, सगळ्यात जास्त पाच ते नऊ महिन्यांच्या आसपास. बऱ्याचदा आठवडाभर आधी सर्दी किंवा पोट बिघडल्याचं निमित्त असतं, त्याने आतड्याच्या भिंतीतल्या ग्रंथी सुजतात आणि आतडं पुढे ढकलताना ती सूजच आत ओढली जाते. पाच आठवड्यांच्या बाळात हे क्वचितच होतं.

तुमच्या बाळाचा आजार दिवसांच्या हिशोबाने वाढतो, हा मिनिटांच्या. चांगलं खेळणारं बाळ अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं, दोन-तीन मिनिटांनी ते थांबतं आणि बाळ एकदम नॉर्मल दिसायला लागतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच. गॅसच्या रडण्यात आणि यात फरक काय असं आया विचारतात. गॅसचं रडणं साधारण पहिल्या तीन-चार महिन्यांत असतं, बऱ्याचदा संध्याकाळी, रोज, आणि उचलून फिरवलं की थोडं तरी शांत होतं. सात-आठ महिन्यांच्या बाळाला, ज्याला आजवर असं कधी झालं नाही, ठराविक वेळाने कळा येऊ लागल्या तर त्याला गॅस म्हणून थेंब देऊन झोपवायचं नाही. घड्याळ घ्या आणि कळ कधी आली, कधी गेली ते लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की तो ताल कागदावर दिसतो. एका कळीचा मोबाईलवर व्हिडिओ काढला तर सोन्याहून पिवळं, कारण डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत बाळ नेमकं दोन कळांच्या मधे असतं आणि हसत असतं.

काही तासांनी फसवणारी गोष्ट घडते. बाळ रडायचं थांबतं, मलूल पडून राहतं, झोपल्यासारखं. घरात सगळे म्हणतात चला, उतरलं, दमून झोपलं. प्रत्यक्षात अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी व्हायला लागलेला असतो आणि बाळ खचत चाललेलं असतं. काही बाळांमध्ये तर कळा येतच नाहीत, पहिलं आणि एकच लक्षण म्हणजे ही सुस्ती, हाक मारली तरी नीट बघत नाही, अंग सैल. अशा बाळाला बघून डॉक्टरांचंही लक्ष आधी मेंदूच्या संसर्गाकडे जातं. म्हणून उलट्या आणि सुस्ती एकत्र दिसली की पोटाची सोनोग्राफी मागायला हरकत नाही, त्यात आत शिरलेलं आतडं आडव्या छेदात गोलात गोल असं स्पष्ट दिसतं.

आणि रक्त? कळा, पोटात लांबट गोळा आणि रक्तमिश्रित शी हे त्रिकूट पुस्तकात असतं, पण तिन्ही एकत्र असलेली बाळं अर्ध्याहूनही कमी. जेलीसारखी गडद लाल, शेंबडी शी ही आतड्याचं आतलं अस्तर खराब व्हायला लागल्यावर येते, म्हणजे ती उशिराची खूण आहे. शिवाय सुरुवातीला अडथळ्याच्या पुढच्या भागात उरलेली शी साधीच होते, कधी पातळही, त्यामुळे "शी तर झाली की" म्हणून लोक निवांत होतात. आणि ती लाल शेंबडी शी दिसली की आव समजून अँटिबायोटिक सुरू होण्याचा धोका असतोच. आवेत ताप असतो, वारंवार थोडी थोडी शी होते. इथे आधी कळा, मग उलट्या, मग रक्त असा क्रम असतो. क्रम सांगितलात तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

लवकर पोचलेल्या बाळाला बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही, आणि नेमकं हेच रक्ताची वाट बघणाऱ्यांच्या हातून निसटतं. सलाईन लावून, सर्जन तयार ठेवून, गुदद्वारातून नळीने मोजक्या दाबाची हवा किंवा सलाईन सोडतात आणि आत गेलेलं आतडं उलट दिशेने बाहेर ढकलतात, एक्सरे किंवा सोनोग्राफीवर बघत बघत. दहातल्या साधारण आठ-नऊ बाळांमध्ये हे जमतं. उशीर झालेला असेल तर यश कमी होत जातं, आणि आतड्याला भोक पडलं असेल, पोट दगडासारखं झालं असेल किंवा बाळ शॉकमध्ये असेल तर हे करताच येत नाही, सरळ ऑपरेशन. तेव्हाही वेळ गेलेली असेल तर आतड्याचा खराब झालेला भाग काढावा लागतो.

जाता जाता, आजार दोन वेगवेगळे असले तरी कोपनहेगनच्या एकाच डॉक्टरांनी दोन्हींवर मूलभूत काम केलंय, हॅराल्ड हिर्शस्प्रुंग. पाण्याच्या दाबाने आतडं मागे ढकलायच्या उपचाराचे अनुभव त्यांनी 1876 मध्ये मांडले आणि पायलोरिक स्टेनोसिसचं नीट वर्णन 1888 मध्ये केलं. गंमत म्हणजे त्यांचं नाव चिकटलं ते तिसऱ्याच आजाराला.

नणंदेलाही एक निरोप द्या. हवेने किंवा सलाईनने सुटलेलं आतडं साधारण दहातल्या एका बाळात परत अडकतं, बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन दिवसांत, पण काही महिन्यांनीही होऊ शकतं. तशाच कळा परत दिसल्या तर थेट त्याच हॉस्पिटलात जायचं, परत तोच उपाय बहुतेक वेळा चालतो. आणि दोन-तीन वर्षांच्या पुढच्या मुलात असं झालं किंवा पुन्हा पुन्हा होत राहिलं तर आत एखादी गाठ, पॉलिप किंवा आतड्याची जन्मजात पिशवी हे कारण नाही ना ते शोधावं लागतं. तिच्या मुलाला झालं म्हणून तुमच्या मुलाला होईल, असा धागा मात्र नाही. तुमच्याकडे धागा असलाच तर तो बाळाच्या बाबांकडून आहे, आणि वेगळ्या आजाराचा.

जाताना काय न्यायचं आणि सांगायचं ते एवढंच: सगळ्या वजनांच्या तारखा, उलटी कधी सुरू झाली आणि दिवसातल्या किती पाजण्यांनंतर होते, पाजल्यापासून किती मिनिटांत, रंग कोणता, आणि 24 तासांत डायपर किती वेळा ओला झाला. चारपेक्षा कमी वेळा ओला होत असेल, टाळू खोल गेलेली असेल, तोंड कोरडं असेल किंवा बाळ नेहमीसारखं जागं होत नसेल तर ते सगळ्यात आधी सांगा, रांगेत बसू नका. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाळाला एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन दिलं गेलं असेल तर तेही सांगा, कारण तान्हेपणी घेतलेल्या या औषधांनी पायलोरिक स्टेनोसिसची शक्यता वाढते. हॉस्पिटलात पोचल्यावर विचारल्याशिवाय पाजू नका, रडला तरी, जठर रिकामं लागू शकतं.

समजा सोनोग्राफी स्वच्छ आली आणि रिफ्लक्सच निघाला, तरी घरी आल्यावर एकाच काट्यावर दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. तीन दिवसांत 60-70 ग्रॅमसुद्धा वाढलं नाही आणि उलट्या तशाच असतील, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि परत सोनोग्राफी करायला सांगा.